बंद फोन आणि हॉलतिकीट

दहावीचा बीजगणिताचा पेपर अकराला. साडेदहाला वर्गात हजर राहायचं. तिने मोबाइलवर पाचचा गजर लावून फोन चार्जिंगला ठेवला. रात्री वीज गेली, बॅटरी संपली. बहुतेक स्मार्टफोन बंद पडले की गजर वाजतच नाही. जाग आली तेव्हा पावणेनऊ, आणि साडेआठची एसटी निघून गेलेली.

आईने शेजारच्या काकांना हाक मारली. दूध घालून नुकतेच परतलेल्या काकांनी पुन्हा मोटारसायकल काढली. मागे बसताच ती वही उघडू लागली.

"वही राहू दे, पोरी. हॉलतिकीट घेतलंस ना?"

किती शहाणा प्रश्न! हॉलतिकीट रात्रीच कंपासपेटीत ठेवलेलं होतं.

दहा वीसला ती केंद्रावर पोहोचली. संध्याकाळी तिने आजोबांचं किल्लीचं घड्याळ मागून घेतलं. भूमितीचा पेपर अजून बाकी होता.