अंगठा कुणाचा घेतलास?

डॉक्टर, हा केसपेपर धर आणि मोठ्यानं वाच. 'रुग्णाने उपचार नाकारला. धोका समजावला. अंगठा घेतला.' संपली नोंद? आणि अंगठा कुणाचा, तर भावाचा! रुग्ण शुद्धीवर होता, सज्ञान होता. त्याचा नकार भाऊ कसा देणार?

माणगाव तालुक्यातला शेतकरी. भाताच्या बांधावर घोणस चावली, पाय सुजला. काचेच्या नळीत घेतलेलं रक्त वीस मिनिटांनीही गोठलं नाही. विष अंगात भिनल्याचा पुरावा तुझ्यासमोर होता. तू सर्पविषाची लस सुचवलीस, तो म्हणाला भगताकडे जातो, आणि तू हात झटकलेस.

'धोका' म्हणजे कोणता? मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिस लागू शकतं, जीव जाऊ शकतो, हे त्याच्या भाषेत सांगितलंस का? लशीची रिॲक्शन येऊ शकते आणि ती आवरायची औषधं आपल्याकडे तयार असतात, हेही सांगायचं होतं. आणि तो नको का म्हणाला, ते विचारलंस? पैशाची भीती असती, तर सरकारी रुग्णालयात लस फुकट मिळते एवढं सांगूनही तो थांबला असता. कारण विचारल्याशिवाय नकार घ्यायचाच नाही.

आता त्याच्या निर्णयक्षमतेबद्दल. तोंडाला दारूचा वास आला म्हणून क्षमता गेली असं होत नाही, आणि नाव-गाव नीट सांगितलं म्हणून ती आहे असंही ठरत नाही. त्याला विचारायचं, 'मी काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग. लस नाही घेतली तर काय होईल?' त्याला समजलं का, लक्षात राहिलं का, दोन्ही बाजू तोलून तो ठरवतोय का, हे त्याच्या उत्तरातून कळतं. रक्तदाब घसरून तो बरळत असता, तर तो नकार धरायचाच नव्हता. जीव वाचवणारे उपचार सुरू करायचे.

नोंद अशी हवी होती: 'रात्री ९.४०. रुग्ण सावध, रक्तदाब ११०/७०. रक्तस्राव, मूत्रपिंड निकामी होणे व मृत्यूचा धोका मराठीत सांगितला. रुग्ण म्हणाला, "रक्त वाहून मरेन, माहीत आहे, पण भगताकडेच जाणार." कारण: पूर्वी भाऊ तिथे बरा झाला. लस न घेता निरीक्षणाखाली थांबण्याचा पर्याय दिला, नाकारला. कधीही परत येण्यास सांगितले. रुग्णाचा अंगठा, साक्षीदार परिचारिका.'

पण हे उतरवून काढू नकोस. तू जे विचारलंच नाहीस, ते आता विचारल्यासारखं लिहिलंस तर ती खोटी नोंद ठरेल. जुन्या ओळी खोडायच्या नाहीत. आजची तारीख-वेळ टाकून 'उशिरा केलेली नोंद' म्हणून जे खरंच घडलं तेवढंच लिही. क्षमता तपासली नसेल, तर तपासली नाही असं लिही.

आणि तेही नंतर. आधी त्याच्या गावच्या आशाताईंना फोन लाव, अँब्युलन्स पाठव. लस अजूनही देता येईल.