एक तास, एक रुपया ऐंशी पैसे

‘सातबारा ऑनलाइन कसा बघायचा?’ या प्रश्नाचं उत्तर पाच ओळींत संपतं. bhulekh.mahabhumi.gov.in उघडायचं, सातबारा हवा की आठ-अ ते निवडायचं, जिल्हा, तालुका, गाव सांगायचं, गट नंबर टाकायचा, मोबाइल नंबर आणि कॅप्चा भरायचा. हा उतारा फक्त माहितीपुरता असतो. कामकाजात चालणारा डिजिटल सहीचा उतारा वेगळा मिळतो, त्याला १५ रुपये लागतात. झालं.

आता हाच प्रश्न मोबाइलवर शोधून बघा. समोर येणाऱ्या बऱ्याच पानांवर आधी ‘शेतकरी मित्रांनो’, मग सातबारा म्हणजे काय, त्याचं महत्त्व, त्याचे फायदे, मधे जाहिरात, पुन्हा फायदे, पुन्हा जाहिरात. उत्तर सहाव्या-सातव्या स्क्रोलला सापडतं. गंमत म्हणजे त्यातलं एकही वाक्य खोटं नसतं. मला छळणारा प्रश्न तिथेच आहे. प्रत्येक वाक्य खरं असलेलं पान अप्रामाणिक असू शकतं का?

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि रात्री अशाच कामाच्या माहितीचा एक छोटा मराठी ब्लॉग चालवतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी फावल्या वेळच्या गप्पांचा नाही. शिवाय त्याचा हिशोब मांडता येतो, तो आधी मांडतो.

ब्लॉगवर जाहिराती लावायचा सर्वांत ओळखीचा मार्ग म्हणजे गुगल अ‍ॅडसेन्स. पान उघडताना जाहिरातीच्या जागेचा क्षणात लिलाव होतो. जाहिरातदार गुगलमार्फतच आला असेल, तर त्याने मोजलेल्या १०० रुपयांतले साधारण ६८ ब्लॉगवाल्याला मिळतात. हजार वेळा पान बघितलं गेल्यावर जी कमाई होते, तिला आरपीएम म्हणतात. सगळा खेळ या एका आकड्याचा. तो विषयावर, वाचकाच्या देशावर आणि भाषेवर ठरतो. मराठी पानासाठी बोली लावणारे इंग्रजीपेक्षा कमी, म्हणून आकडाही सहसा कमी.

समजा, माझं पाच ओळींचं पान आहे. त्यावर एकच जाहिरात मावते आणि आरपीएम ४० रुपये पडतो. अ‍ॅडसेन्स १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही. डॉलर सोयीसाठी ८५ रुपयांचा धरला तर ते होतात ८,५०० रुपये. म्हणजे हे पान २,१२,५०० वेळा उघडलं जायला हवं. शोधात माझी लिंक दिसलेल्या १०० जणांपैकी ५ जणांनी ती दाबली असं धरलं, तर तेवढ्यासाठी ती साडेबेचाळीस लाख वेळा दिसली पाहिजे. छोट्या ब्लॉगसाठी हा फार मोठा पल्ला आहे.

आता तेच पान ताणतो. पंधराशे शब्द, चार-पाच जाहिराती. आरपीएम १०० झाला असं धरू. मग ८५,००० वेळा उघडलं तरी पुरतं. मोह का होतो ते इथे कळतं.

पण याच हिशोबाची दुसरी बाजू बघा. हजारामागे ६० रुपये वाढले, म्हणजे एका वाचकामागे ६ पैसे. त्यासाठी त्याची दोन मिनिटं जास्त गेली. तासाला एक रुपया ऐंशी पैसे. ८५,००० वाचकांचे मिळून २,८०० हून जास्त तास गेले आणि माझ्या हातात जास्तीचे ५,१०० रुपये आले. चोरी म्हणावी तर फार स्वस्तातली. आपण कुणाचा तास एवढ्या भावाने विकत घ्यायला गेलो, तर तो हसेल. इथे तो हसत नाही, कारण त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

यावर माझा एक मित्र म्हणतो, ‘अरे, वाचक फुकट वाचतोय. जाहिरात ही त्याची किंमत आहे. पटत नसेल तर निघून जाईल.’ अर्धं मला मान्य आहे. उत्तराच्या खाली ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहिलेली चौकट असेल, तर सौदा उघड आहे. मी माहिती दिली, तू चौकट बघितलीस. पण ताणलेल्या पानात किंमत लपवलेली असते. उत्तर पुढच्या स्क्रोलला असेल या आशेवर माणूस खाली सरकत राहतो. आधीच गेलेला वेळ वाया जाऊ नये म्हणून आणखी थांबतो. निघून जायची मोकळीक आहे, पण कधी निघावं हे कळायची सोय मीच काढून घेतली आहे. संमतीला संमती म्हणायचं तर समोरच्याला किंमत माहीत हवी.

मग नियम काय करतात? ढोबळ लबाडी रोखतात. स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करायचं नाही, वाचकांना ‘क्लिक करा’ म्हणायचं नाही, मजकुरापेक्षा जाहिराती जास्त ठेवायच्या नाहीत. ‘कोअलिशन फॉर बेटर अ‍ॅड्स’च्या निकषांनुसार मोबाइलवर मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी व्यापली तर ते अस्वीकार्य आहे. पण नीट बघा. हे प्रमाण आहे. पाणी घालून मजकूर वाढवला की जास्त जाहिराती नियमात बसतात! नियम जाहिराती मोजतो, पाणी मोजत नाही.

पाणी ओळखायचं काम शोधयंत्रावर येतं. गुगलने २०२२ मध्ये वाचकासाठी लिहिलेल्या मजकुराला वर आणणारा बदल केला आणि २०२४ मध्ये तो मुख्य क्रमवारीत मिसळला. त्यांच्या मार्गदर्शनात स्वच्छ लिहिलंय की ठरावीक शब्दसंख्येला पसंती नाही. तरी ‘किमान हजार शब्द हवेत’ ही समजूत पसरलेलीच आहे. सर्च कन्सोलमध्ये एखाद्या पानापुढे `Crawled - currently not indexed` दिसलं, की गुगल पान बघून गेलं पण यादीत घेतलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. बरेच जण लगेच शब्द वाढवतात. खरं तर आधी विचारायला हवं, की इथे इतरांपेक्षा वेगळं काय आहे? तरीही यंत्राची नजर पुरी नाही. पातळ पानं वर दिसतातच. म्हणून ‘गुगलला चाललं म्हणजे योग्य’ हा युक्तिवाद मला टिकणारा वाटत नाही.

लहान पान नेहमीच प्रामाणिक आणि मोठं पान नेहमीच लबाड, असंही नाही. गट नंबर माहीत नसेल तर त्याच संकेतस्थळावर नावानेही शोधता येतं. उताऱ्यात नाव चुकलं असेल तर पुढे काय करायचं? बँकेला सहीचाच उतारा का लागतो? हे वाचकाचे खरे पुढचे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं दिली तर पान वाढेल, जाहिरातींना जागाही होईल, आणि इतर पानांवर नसलेलं काहीतरी तिथे असेल.

फरक लांबीचा नाही, कारणाचा आहे. मी एकच कसोटी वापरतो. या पानावर जाहिरात नसतीच, तर हा परिच्छेद मी लिहिला असता का? ‘हो’ असेल तर तो राहतो आणि त्याच्याखाली जाहिरातही राहते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ‘नाही’ असेल तर जातो. आणि पाच ओळींचं उत्तर सगळ्यात वर.

या कसोटीने पैसे कमी मिळतात. पोट ब्लॉगवर नसल्यामुळे मला ती परवडते, हेही खरं. ज्याचं घर या आकड्यावर चालतं, त्याला मी नीती शिकवायला जाणार नाही. पण तासाचा भाव त्याच्यापुढे मांडून ठेवीन. एक रुपया ऐंशी पैसे. एवढ्याला विकायचा का, ते त्याने ठरवावं. निदान तास दुसऱ्याचा आहे, हे लक्षात ठेवून.