अक्षर कोणाच्या हाती द्यावे?

समजा, वर्धा जिल्ह्यातले एक मंडळ दरवर्षी मोफत नेत्रतपासणी शिबिर भरवते. गेल्या वर्षीचे पत्रक सुबक होते, पण त्याची मूळ फाइल आता कोणाकडेच नाही. मोबाइलमध्ये उरली आहे फक्त जेपीजी. यंदा शिबिर हिंगणघाटऐवजी आर्वीला आहे, तारीख १६ ऐवजी १९ आहे आणि संपर्काचा क्रमांकही बदलला आहे. मंडळातला एखादा तरुण म्हणतो, "एआयला सांगतो ना, दोन मिनिटांत होईल." होतेही. पत्रक पहिल्यापेक्षा देखणे दिसते आणि लगेच गावोगावच्या ग्रुपवर जाते.

माझे म्हणणे या दोन मिनिटांबद्दल आहे.

सूचना देऊन चित्र बदलणारी ही साधने मजकूर टाइप करत नाहीत, मजकुराचे चित्र काढतात. त्यातली बहुतेक साधने आपले पत्रक आकड्यांच्या संक्षिप्त रूपात आकसून घेतात आणि सूचनेप्रमाणे सगळेच नव्याने रंगवतात. 'आर्वी' हा शब्द त्यांच्या लेखी एक आकृती असते. इंग्रजीतल्या ठळक मथळ्यात नवी साधने आता बरीच सुधारली आहेत. देवनागरीत, त्यातही बारीक टायपात, तो भरवसा धरता येत नाही. रफार गळाला की 'आर्वी'चे 'आवी' होते. 'वर्धा'तला ध शेंडी मिटून घ होतो. १९ मधला ९ एका वळणाने १ होऊन बसतो. शिवाय ज्या ओळींना हात लावायला सांगितलेच नव्हते, त्याही पुन्हा रंगवल्या गेलेल्या असतात. ए-५ आकाराचे पत्रक छपाईच्या ३०० डीपीआयला सुमारे ४३ लाख पिक्सेलचे असते. यातली बरीच साधने १० लाखांच्या आसपासचे चित्र परत देतात. मग तळाचा बारीक क्रमांक गढूळ होणारच.

पूर्वी छापखान्यात खिळा उलटा बसला की चूक डोळ्यांत खुपायची. इथली चूक नीटनेटकी असते, रंगसंगतीत बसलेली असते, म्हणून तपासणाऱ्याची नजर तिच्यावरून घसरते. मोतीबिंदूने दिसेनासे झालेली एखादी आजी नातवाकडून पत्रक वाचून घेते, एसटीने आर्वी गाठते आणि शिबिराला अजून आठ दिवस अवकाश असल्याचे तिला कळते. तिच्या वाया गेलेल्या दिवसाचा जाब कोणत्याही सॉफ्टवेअरला विचारता येत नाही. तो जाब पत्रक पाठवणाऱ्याकडेच येतो.

म्हणून कामाची वाटणी करावी. जुना मजकूर पुसून त्यामागची पार्श्वभूमी भरून घेणे एआयला चांगले जमते, तेवढेच त्याला सांगावे. मग गिंप, फोटोशॉप किंवा फोटोपीमध्ये मूळ जेपीजी खाली ठेवावी, एआयचे चित्र त्याच मापाचे करून वरच्या लेयरवर ठेवावे आणि मास्क लावून फक्त पुसलेला तुकडा घ्यावा. बाकी पत्रक मूळचेच राहते. त्यावर टेक्स्ट लेयर घेऊन 'मुक्त' किंवा 'नोटो सान्स'सारख्या युनिकोड फॉन्टमध्ये नवा मजकूर टाकावा. तो मंडळाच्या मंजूर पत्रावरून कॉपी-पेस्ट केला तर उत्तम. इथे अक्षर हे अक्षरच राहते. ते पुन्हा निवडता येते आणि मूळ मजकुराशी ताडता येते.

हाताच्या कामालाही मर्यादा आहेत. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी चालू नसेल तर रफार सुटा पडतो, वेलांटी भलत्या जागी जाते. पण ती मोडतोड चटकन दिसते. जुना फॉन्ट ओळखू आला नाही तर नवी ओळ किंचित वेगळी दिसेल. दिसू द्यावी. ठिगळ दिसले तरी चालेल, तारीख चुकायला नको.

तपासणीही दोन टप्प्यांत करावी. मूळ चित्र आणि तयार पत्रक एकावर एक ठेवून वरच्या लेयरचा मोड 'डिफरन्स' करावा. जिथे काही बदलले नाही तिथे काळे दिसते. बदललेल्या तीन जागांखेरीज आणखी कुठे ठळक उजळले, तर तिथे न सांगता बदल झाला आहे. मग दोघांनी बसावे. एकाने मंजूर पत्र मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने पत्रकातल्या प्रत्येक अक्षरावर आणि अंकावर बोट ठेवावे. शेवटी पत्रकात पाहूनच संपर्काचा क्रमांक फिरवावा.

या सगळ्याला अर्धा-पाऊण तास लागेल. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फलक असता तर मीही म्हटले असते, करा दोन मिनिटांत. पण ज्या मजकुरावर विसंबून कोणी घराबाहेर पडणार आहे, औषध घेणार आहे किंवा पैसे भरणार आहे, तिथे अक्षर अंदाजाच्या हाती देण्याचा अधिकार आपल्याला नाही. साधन निवडताना आपला किती वेळ वाचेल हे नंतर पाहावे. चूक झाली तर ती कोणाला भोवेल, हे आधी विचारावे.