तहहयात घर

"माझ्या पश्चात घर पत्नीकडे तहहयात राहील आणि तिच्या पश्चात दोन्ही मुलांना समसमान मिळेल." मराठवाड्यातल्या अनेक मृत्युपत्रांत या धाटणीचे एखादे वाक्य असतेच. लिहिणाऱ्याच्या मनातला हेतू सरळ असतो. आपल्यामागे बायकोला कोणी घराबाहेर काढू नये आणि घर शेवटी मुलांकडेच जावे, एवढेच त्याला हवे असते. पण या एका वाक्याने एका घराला दोन हक्कदार होतात. एक जण आज त्यात राहते, दुसरे उद्याचे मालक असतात, आणि दोघांचेही हक्क मृत्युपत्र करणारा गेला त्याच दिवसापासून जिवंत असतात.

समजा, कळमनुरीतल्या जुन्या वस्तीत एक माळवदाचे घर आहे. मातीच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, आत छोटा चौक, रस्त्याकडेला दुकानाची एक खोली. घर मास्तरांनी स्वतःच्या पगारातून घेतलेले आहे. हे महत्त्वाचे आहे, कारण वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या घरात मास्तरांना फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र करता आले असते. मास्तर वारले. मृत्युपत्र वर दिल्याप्रमाणे आहे. थोरला मुलगा नांदेडला, धाकटा पुण्याला, आणि घरात आई एकटी.

आईने घरात राहावे, कोणाला आपल्यासोबत ठेवावे, दुकानाची खोली भाड्याने द्यावी आणि ते भाडे आपल्याकडे ठेवावे, याला मुलांची परवानगी लागत नाही. भाडे तिचे आहे. त्याचा हिशेब मागण्याचा हक्क मुलांना नाही, आणि "आम्ही मालक आहोत, तुम्ही आमच्याकडे राहा, घर आम्ही मोकळे करतो" असे म्हणून तिला हलवण्याचाही नाही. मृत्युपत्रातल्या शब्दांनी मात्र इथे फरक पडतो. "घराचा तहहयात उपभोग" म्हटले असेल तर भाडे त्यात येते. "तहहयात राहण्याचा हक्क" एवढेच म्हटले असेल तर तिला फक्त डोक्यावर छप्पर आहे, भाड्याच्या उत्पन्नावर वाद होऊ शकतो. मृत्युपत्र लिहून देणारा बरेचदा पहिल्या अर्थाने दुसरे शब्द वापरतो, आणि भांडण तिथून सुरू होते.

भाडेकरूनेही एक गोष्ट नीट ओळखावी. जिचा स्वतःचा हक्क तिच्या श्वासासोबत संपतो, तिने दिलेला भाडेपट्टा त्यापुढे चालत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १११ मध्ये हे स्पष्ट आहे: भाड्याने देणाऱ्याचा हक्क ज्या घटनेने संपतो, त्या घटनेने पट्टाही संपतो. भाडेनियंत्रण कायदा लागू असेल तिथे भाडेकरूला वेगळे संरक्षण मिळू शकते, पण केवळ करारावर भिस्त ठेवून दहा वर्षांचे फर्निचर बसवणाऱ्याने आईसोबत दोन्ही मुलांच्या सह्याही घ्याव्यात. डिपॉझिटचेही तसेच. ते आईने घेतले असेल तर आई गेल्यावर तो तिच्या मागे राहिलेल्या पैशांतून मागायचा विषय आहे. घर ताब्यात आलेली मुले "आम्ही घेतलेच नाही" म्हणाली, तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य असते.

पुढे माळवद गळू लागते. पावसाळ्याआधी वर माती टाकून, चोपून, पाण्याचा उतार नीट करणे हे आईचे नेहमीचे काम आहे. नगरपरिषदेचा मालमत्ता कर, वीजबिल, ही चालू दुरुस्ती, हा सगळा खर्च रीतीने जो उपभोग घेतो त्याचाच. पण एखादा कंत्राटदार येऊन म्हणतो, "काकू, हे सगळं काढा, स्लॅब टाकून देतो. सागवान मी घेतो, मजुरीत वळते करू." इथे सीमारेषा ओलांडली जाते. त्या जुन्या तुळया म्हणजे घराचे मूळ आहे, घराचे उत्पन्न नव्हे. खांब विकणे, चौकातला आड बुजवून जागा दुसऱ्याला देणे, भिंत पाडून मागचा भाग शेजाऱ्याला तोडून देणे, यातून उद्याच्या मालकांच्या हाती येणारी वस्तूच कमी होते. त्यासाठी मुलांनी आईच्या मृत्यूची वाट पाहण्याची गरज नसते. नुकसान होत असतानाच दिवाणी न्यायालयातून मनाई हुकूम मागता येतो. मुलगा आईविरुद्ध कोर्टात जाणे कोणालाच सहन होत नाही, हे खरे. म्हणून असे प्रसंग बहुधा सुनेच्या किंवा भाच्याच्या तक्रारीच्या रूपात घरात वर्षानुवर्षे धुमसत राहतात.

स्लॅबचा प्रश्न मात्र असा एकतर्फी नाही. माळवद खरोखर राहण्याजोगे नसेल, तर घर टिकवण्यासाठी छप्पर बदलणे म्हणजे नुकसान असे कोणी सहज म्हणणार नाही. पण आईने आपली पेन्शनची शिल्लक त्यात घातली, आणि तिला लेक असेल व तिने पुढे ती घरातून परत मागितली, तर अडचण येते. सुधारणेची किंमत मागण्याची सवलत कायदा अशाला देतो, ज्याने आपण पूर्ण मालक आहोत असे प्रामाणिकपणे समजून पैसा घातला. आईला आपला हक्क हयातीपुरता आहे हे माहीत असते. म्हणून काम सुरू करण्याआधी, काय पाडायचे, काय बांधायचे, खर्च कोणाचा आणि जुने लाकूड कोणाचे, हे एका कागदावर लिहून तिघांनी सह्या कराव्यात. तो कागद पुढे दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो.

विक्रीबद्दल लोकांचा गैरसमज उलट्या बाजूचा आहे. "आईला विकताच येत नाही" असे सर्रास म्हणतात. ती आपला हक्क विकू शकते. पण तिच्याकडे जेवढा आहे, तेवढाच. घेणाऱ्याला मिळते ते आई जिवंत असेपर्यंतचे घर. कितीही पक्के खरेदीखत असले तरी आई गेली की मुले येऊन ताबा मागू शकतात. आणि घेणारा वीस वर्षे राहिला असला तरी "एवढी वर्षे माझा कब्जा आहे" हे त्याच्या कामी येत नाही. मुदतीच्या कायद्यात अनुच्छेद ६५ खाली बारा वर्षांची मुदत आहे, पण मागाहून हक्क मिळणाऱ्यासाठी ती त्याचा हक्क ताब्यात येण्याच्या दिवसापासून, म्हणजे आईच्या मृत्यूपासून मोजली जाते. गहाणाचेही असेच. बँकेला मूळ घर तारण म्हणून हवे असेल, तर ती मुलांच्या सह्या मागते.

दुसऱ्या बाजूने मुलांचाही हक्क विकाऊ असतो, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम ११९ प्रमाणे, मृत्युपत्रात वेगळे काही नसेल तर मुलांचा हक्क वडील वारले त्याच दिवशी पक्का होतो, फक्त ताबा पुढे ढकललेला असतो. म्हणून धाकटा आईच्या आधी वारला तर त्याचा अर्धा वाटा त्याच्या वारसांना मिळतो, थोरल्याकडे जात नाही. धाकट्याने कर्जापायी आपला वाटा त्रयस्थाला विकला तर तो त्रयस्थ आईला हलवू शकत नाही, पण आई गेल्यावर दारात उभा राहू शकतो.

नगरपरिषदेच्या कर आकारणीत मास्तरांच्या नावाच्या जागी आईचे नाव लागते आणि मग वर्षानुवर्षे पावत्या तिच्या नावाने निघतात. एखादा खरेदीदार त्या पावत्या पाहून व्यवहार करतो. करनोंद मालकी सिद्ध करत नाही, पण फसवणुकीला मात्र वाव देते. नाव लावतानाच मृत्युपत्राची प्रत जोडून, शेऱ्याच्या रकान्यात हयातीपुरता हक्क आणि पुढच्या वारसांची नावे येतील असा अर्ज करावा. रस्ता रुंदीकरणात समोरचे दुकान गेले तर या नोंदीचा फायदा दिसतो. विक्रीचा अधिकार नसलेल्या व्यक्तीच्या नावे मोबदला आला तर तो संबंधित प्राधिकरणाच्या देखरेखीखाली गुंतवून त्याचे उत्पन्न आईला आणि मूळ रक्कम पुढे मुलांना, अशी व्यवस्था भूसंपादन कायद्यात आहे.

मुस्लिम घरात हा सगळा आकृतिबंध थोडा वेगळा पडतो. हनफी कायद्यात मालमत्तेच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही, आणि बायको वारस असल्याने तिला दिलेल्या गोष्टीला इतर वारसांची संमती लागते. तिथेही वस्तू आणि तिचा उपभोग वेगळे करण्याची कल्पना आहेच, हे प्रिव्ही कौन्सिलने १९४८ च्या नवाजिश अली खान खटल्यात मांडले.

हिंदू विधवेच्या बाबतीत मात्र प्रश्न आणखी खोल जातो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १४ पहिल्या भागात म्हणते की स्त्रीकडे आलेली मालमत्ता तिची पूर्ण मालकीची. दुसऱ्या भागात म्हणते की मृत्युपत्राने मर्यादित हक्क दिला असेल तर तो मर्यादितच. १९७७ च्या तुलसम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की विधवेच्या आधीपासूनच्या पोटगीच्या हक्कापोटी मालमत्ता मिळाली असेल तर कागदावरची मर्यादा गळून पडते आणि ती पूर्ण मालक होते. २००६ च्या साधू सिंग खटल्यात उलट घडले. पतीने स्वतःची मिळकत मृत्युपत्राने पत्नीला हयातीपुरती आणि नंतर पुतण्यांना दिली होती. पत्नीने ती गुरुद्वाराला बक्षीस दिली आणि पुतण्या जिंकला. २०२२ च्या जोगी राम निकालानेही मृत्युपत्र करणाऱ्याला अशी मर्यादा घालता येते हे मान्य केले. निकालांतली ही ओढाताण पाहून डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला.

मला या वादात विधवेच्या बाजूला झुकावेसे वाटते, आणि तेही मृत्युपत्र लिहिणाऱ्याकडून अपेक्षा ठेवून. मास्तरांच्या पगारातून घर झाले हे कागदावर खरे आहे. पण तो पगार पुरवून वापरणारी, बांधकामावर पाणी मारणारी, मुलांच्या फी भरण्यासाठी दागिना मोडणारी बाई त्या कागदात नाही. तिला फक्त राखणदार ठेवून पतीने घर मुलांना दिले, तर तिला म्हातारपणी हॉस्पिटलच्या खर्चासाठी त्याच मुलांपुढे हात पसरावा लागतो. आणि तिला पूर्ण मालकी दिली तर एखाद्या गोड बोलणाऱ्या नातेवाईकाच्या एका सहीने घर जाऊ शकते, ही पतीची भीतीही खोटी नसते.

मृत्युपत्र करणाऱ्याला या दोन टोकांच्या मधली जागा मोकळी आहे. हयातीचा हक्क देतानाच उपचारासाठी किंवा घराच्या मोठ्या दुरुस्तीसाठी घर गहाण ठेवण्याचा, भाडे पूर्णपणे वापरण्याचा, दुकानाची खोली ठरावीक वर्षे भाड्याने देण्याचा आणि गरज पडली तर मुलांपैकी एकाच्या संमतीने घर विकून दुसरे घेण्याचा अधिकार तो लिहून देऊ शकतो. विकलेल्या घराच्या पैशांवरही तिचा हयातीचा आणि मुलांचा पुढचा हक्क राहील, हे एका ओळीत सांगता येते. "बायको नांदेडला थोरल्याकडे राहायला गेली तरी हा हक्क संपणार नाही" हेही लिहावे, कारण नेमके त्यावरूनच भाऊबंद "घर सोडलं" असे म्हणू लागतात. दोन साक्षीदारांसमोर सही करण्यापूर्वी तिला हे कलम वाचून दाखवावे आणि काय लागेल ते तिलाच विचारावे.