सात वर्षांचे ‘जैसे थे’

सुरतेत रेल्वेच्या जमिनीवर उत्राण ते बेस्तानच्या पट्ट्यात हजारो झोपड्या होत्या. त्या हटवण्याविरुद्ध गुजरात उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश दिला आणि तो ऑगस्ट २०२१ मध्ये उठवला. मधली सात वर्षे सुरत-उधना-जळगाव रेल्वे प्रकल्पाचा पावणेतीन किलोमीटरहून कमी लांबीचा तुकडा अडून राहिला. खानदेशातून उधन्याला पोटासाठी येणाऱ्यांचाच हा मार्ग, त्यामुळे लोकहित नेमके कोणत्या बाजूला, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही.

स्थगिती मागणाऱ्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: प्रथमदर्शनी बाजू, सोय-गैरसोयीचा तोल आणि भरून न येणारे नुकसान. सरकारी आदेशाच्या बाबतीत तोलाच्या पारड्यात लोकहित पडते, आणि बहुतेकदा ते सरकारच्याच बाजूचे धरले जाते. माझ्या मते चूक इथे होते. प्रकल्पाची किंमत दिवसागणिक वाढते हे खरे, पण तोल संपूर्ण प्रकल्प विरुद्ध संपूर्ण वस्ती असा करायचाच नसतो. कोणती जागा आज लागते, कोणती नंतर, आणि उशिराचा भार कोण सोसू शकतो, एवढेच पाहायचे असते.

सर्वोच्च न्यायालयाने आधी पाडकाम थांबवले आणि १६ डिसेंबर २०२१ च्या आदेशात हीच विभागणी केली. कामाला तातडीने लागणाऱ्या जागेवरच्या रहिवाशांना दोन आठवड्यांची नोटीस, उरलेल्यांना सहा आठवड्यांची. पाडण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी रहिवाशांची नोंद करायची. आणि पाडलेल्या प्रत्येक घरामागे सहा महिने दरमहा २,००० रुपये. सुरतेत एवढ्या पैशात खोली मिळते का, हा प्रश्न रास्तच आहे. पण यातले काहीच २०१४ मध्ये अशक्य नव्हते.

यावर आक्षेप येतो की अतिक्रमण करणाऱ्याची प्रथमदर्शनी बाजूच नसते, मग तोलापर्यंत जायचे कशाला? जमिनीवर हक्क नसला तरी नोटिशीचा आणि पुनर्वसनाच्या योजनेत विचार होण्याचा दावा उरतो. ऑल्गा टेलिस खटल्यात १९८५ साली मुंबईच्या पदपथवासीयांची बाजू मुळात फेटाळतानाही न्यायालयाने पावसाळा संपेपर्यंत त्यांना हलवू दिले नव्हते. दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा: पाडलेले घर परत येत नाही, म्हणून निकालापर्यंत पूर्ण स्थगितीच हवी. घर परत येत नाही हे मान्य. पण म्हणूनच अंतिम सुनावणीची तारीख स्थगितीबरोबरच बांधून द्यायला हवी. निविदांच्या वादात, रौनक इंटरनॅशनल प्रकरणात, हरल्यास उशिराचे नुकसान भरण्याची अट स्थगिती घेणाऱ्यावर घालावी असे न्यायालय म्हणाले होते. कंत्राटदाराला ती अट परवडते, झोपडीवाल्याला नाही. त्याच्याबाबतीत उशिराची किंमत वसूल करायला कोणीच नसते, म्हणून उशीर होऊ न देण्याची जबाबदारी न्यायालयावर अधिक येते. ती उत्राण-बेस्तानच्या प्रकरणात सात वर्षे पाळली गेली नाही.