पित्ताशयातील म्युकोसील आणि शस्त्रक्रियेची वेळ

कुत्र्याच्या पित्ताशयाचे अस्तर प्रमाणाबाहेर दाट श्लेष्मा स्रवू लागले, की पातळ पित्ताची जागा हळूहळू चिकट, रबरासारखा गोळा घेतो. या विकाराला म्युकोसील म्हणतात. मध्यम वयापुढील शेटलंड शीपडॉग, कॉकर स्पॅनिअल आणि महाराष्ट्रात घरोघरी दिसणारा पॉमेरेनियन यांच्यात तो अधिक आढळतो. कुशिंग आजार, म्हणजे शरीरात कॉर्टिसोलचा अतिरेक, किंवा थायरॉइडची मंदता असलेल्या कुत्र्यांतही त्याचे प्रमाण जास्त असते.

दहा वर्षांच्या एका पॉमेरेनियनचे उदाहरण कल्पून पाहावे. नेहमीच्या रक्ततपासणीत त्याचे अल्कलाइन फॉस्फटेज मर्यादेच्या पाचपट भरते, एएलटी किंचित वाढलेले असते, बिलिरुबिन मात्र नेहमीचेच असते आणि कुत्रा नीट खातपीत असतो. कुत्र्यांत नुसत्या कॉर्टिसोलनेही अल्कलाइन फॉस्फटेज वाढते, त्यामुळे हा आकडा पित्ताशयाविषयी ठामपणे काहीच सांगत नाही. सोनोग्राफीत मात्र पित्ताशयात करडा साठा दिसतो. तो साधा गाळ असेल, तर कुत्र्याला कुशीवरून उभे केल्यावर खालच्या बाजूला सरकतो. म्युकोसील जागचे हलत नाही. पुढे श्लेष्मा भिंतीकडे सरकून त्यात केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या रेषा उमटतात आणि कापलेल्या किवी फळासारखे चित्र दिसते. पित्ताशयाभोवतीची चरबी उजळ दिसू लागली, भिंत कोठे खंडित भासली किंवा शेजारी द्रव साठला, तर ते फुटल्याची शंका घ्यावी लागते.

खरा पेच येथेच आहे. कुत्रा ठणठणीत असताना त्याचे पोट उघडावे, हे मालकाला पटत नाही, आणि अर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल, कमी स्निग्ध आहार व मूळ ग्रंथीविकाराचे उपचार यांवर काही कुत्री स्थिर राहतात, हेही खरे. परंतु महिन्याभराने बिलिरुबिन चढले, उलट्या सुरू झाल्या, तर श्लेष्मा पित्तनलिकेत शिरून मार्ग अडल्याची शक्यता असते आणि शस्त्रक्रिया तातडीची होते. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नियोजित पित्ताशयछेदनातील मृत्यूचे प्रमाण सुमारे 2 टक्के, तर तातडीच्या शस्त्रक्रियेत सुमारे 20 टक्के आढळले. तातडीच्या गटातील कुत्री मुळातच अधिक आजारी असल्याने हा सगळा फरक निव्वळ वेळेमुळे पडला, असे म्हणता येणार नाही. तरीही परिपक्व म्युकोसील दिसत असताना केवळ रक्तातील आकडे बिघडण्याची वाट पाहणे समर्थनीय ठरत नाही.

शस्त्रक्रियेत संपूर्ण पित्ताशय काढतात, कारण रोग अस्तरात असतो, नुसता गोळा काढून तो जात नाही. पित्तनलिका मोकळी आहे ना, हे पाहून गरजेप्रमाणे ती धुतात, यकृताचा तुकडा तपासणीला आणि पित्त जंतुसंवर्धनाला पाठवतात. यानंतर पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरते आणि पचन बहुधा सुरळीत चालते. मात्र कुशिंग आजार तसाच राहिला, तर अल्कलाइन फॉस्फटेज शस्त्रक्रियेनंतरही वाढलेलेच राहते.