नाव आणि ठेव

गेल्या उन्हाळ्यात अमरावतीहून अकोल्यास जाणे झाले. माझा एक मास्तर मित्र वारला, त्याला तीन महिने झाले होते. नोकरी लागताच, लग्नाच्या आधी, त्याने ८ लाखांचा विमा उतरवला होता आणि नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचे नाव घातले होते. पुढे लग्न झाले, एक मुलगा, एक मुलगी झाली. नाव मात्र तेच राहिले. आता पैसे भावाच्या खात्यावर आले होते, आणि ओसरीवर म्हातारी आई, पत्नी, लेकरे सारी गप्प बसली होती.

"गुरुजी, कागदावर तं माह्यंच नाव हाय न?" थोरल्याने विचारले. स्वरात लोभ नव्हता. धाकट्याला शिकवण्यासाठी त्याने स्वतः शाळा सोडली होती. भावाने ते ऋण फेडले, असे त्याला मनापासून वाटत होते.

मी म्हटले, नॉमिनी म्हणजे पैसे कुणाच्या हाती द्यावेत ते सांगणारे नाव. त्याला पैसे दिले की कंपनी मोकळी होते. पण हाती आलेले सारेच आपले नसते. १९३८ च्या विमा कायद्यातील ३९ व्या कलमाचा हाच अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली सांगितला. त्या खटल्यात नॉमिनी पत्नी होती, तरी आई आणि मुलगा यांचे हिस्से कायम राहिले.

२०१५ च्या दुरुस्तीने आईवडील, पती-पत्नी आणि मुले नॉमिनी असतील तर त्यांना लाभाचा हक्क दिला. तोही वारसांचा हक्क पुसून टाकतो का, यावर वाद आहे. लग्नापूर्वी आईचे नाव घातलेल्या एका विम्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२५ साली आई, पत्नी आणि मुलगा यांना सारखे हिस्से दिले. भाऊ तर त्या यादीतच नाही. मित्राने मृत्युपत्र केले नव्हते. तेव्हा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आई, पत्नी, मुलगा, मुलगी यांना प्रत्येकी २ लाख. भावाला काही नाही.

मग कायदा कृतघ्न म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. ऋण खरे होते. पण ते विम्यातून फेडायचे असते तर मित्राला मृत्युपत्रात तसे लिहिता आले असते. ज्या दिवशी त्याने नाव घातले, त्या दिवशी ही लेकरे जन्मलीच नव्हती. त्यांना वगळण्याची इच्छा त्या नावात कशी शोधावी? त्याने भावावर विश्वास टाकला होता, एवढेच ते नाव सांगते.

"माह्या हिश्श्यातलं याले देईन मी," आई म्हणाली. तो तिचा अधिकार होता. सून देऊ म्हणती तर तोही तिचा. पण अज्ञान लेकरांच्या हिश्श्यातून औदार्य दाखवण्याचा हक्क कुणालाच नव्हता.

थोरला बराच वेळ जमिनीकडे पाहत होता. मग त्याने विचारले, "गुरुजी, लेकरायच्या नावानं खातं काढाले कोनते कागद लागतीन?"